शंभरातले पाच

“मॅडम, घरून येणारे पैसे महिन्याच्या वीस-बावीस तारखेलाच संपतात. उरतंच काय, की मी बचत करू? आणि एवढ्याशा पैशांनी होणार तरी काय? नोकरी लागली की करेनच की.”

पॉकेटमनीतल्या बचतीवर मी महाविद्यालयात केलेल्या छोट्याशा भाषणानंतर एका मुलीने चिठ्ठीवर हे लिहून दिलं होतं. त्याच आठवड्यात ती भेटायला आली आणि पुढचे काही महिने येत राहिली. तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे. आता भाषणात मी तिचीच गोष्ट सांगते.

रकमा मुद्दाम देत नाही. वर्गात कुणाला घरून भरपूर येतात, कुणाला जेमतेम, आणि आकडा ऐकला की मुलं आधी तुलना करायला लागतात. म्हणून महिन्याच्या पैशांचे १०० भाग धरू.

तिला मी आधी खर्चाची वही ठेवायला सांगितली नाही. वह्या चार दिवस चालतात. मी एवढंच विचारलं, “पैसे संपले की पुढचे आठ दिवस काय करतेस?” ती म्हणाली, “रूममेटकडून घेते. पण परत करते हां, पैसे आले की लगेच!” तिला वाईट वाटण्याची शक्यता होती, तरी ही गोष्ट मी तिथेच सोडली नाही. कागद पुढे ओढला. उसने किती? साधारण १५ भाग. पैसे आल्याबरोबर ते १५ परत गेले की नवा महिना १०० ने नाही, ८५ ने सुरू होतो. खर्च मात्र १०० चाच. म्हणजे पुन्हा १५ उसने. दीड वर्ष ती तेच १५ भाग दर महिन्याला फेडत होती आणि दर महिन्याला पुन्हा घेत होती. तिच्या लेखी ती वेळेवर पैसे परत करणारी मुलगी होती. ते खरंही होतं. पण ते कर्ज एकदाही संपलं नव्हतं.

कागदाकडे बघून ती म्हणाली, “म्हणजे एकाच महिन्यात चुकलं होतं?” हो. पहिल्या सत्रात कधीतरी फोन दुरुस्तीला गेला होता, तेवढाच. त्या एका धक्क्याचे पैसे ती अजून देत होती.

माझ्या दृष्टीने पॉकेटमनीतल्या बचतीचं खरं काम इथे आहे. व्याजात नाही. भाषणात हमखास कुणीतरी चक्रवाढ व्याजाचं विचारतं, तेव्हा मी फळ्यावर हिशोब करून दाखवते. दर महिन्याला ५ भाग याप्रमाणे ३ वर्षांत १८० जमतात. वर्षाला ६ टक्के व्याज धरलं तर त्यावर मिळतात साधारण १७ भाग. वाईट नाही, पण त्यासाठी कुणी मन मारावं असंही नाही, आणि महागाई त्यातलं बरंचसं खाऊन टाकते. चक्रवाढीला मोठी मुद्दल लागते किंवा मोठा काळ. विद्यार्थ्याकडे अजून दोन्ही नसतं. पण अचानक येणाऱ्या छोट्या खर्चाला आडवं यायला १५-२० भाग पुरतात, आणि तेवढे चार महिन्यांत जमतात.

हे पटल्यावर तिने जे केलं ते जवळपास सगळेच करतात. उत्साहात २० भाग बाजूला टाकले. अठरा तारखेला काढून घेतले. पुढच्या भेटीत मान खाली घालून म्हणाली, “माझ्यात ती शिस्तच नाही.” असं काही नव्हतं. तिचा हिस्सा मोठा होता, इतकंच. जिचा महिना आधीच तुटीत जातो, तिने १०० भागांची जगणूक ८० वर आणायची ठरवली तर पैसे परत निघणारच. आणि एकदा निघाले की पुढच्या वेळी काढणं सोपं जातं, कारण बचतीच्या डब्याला हात लावायचा नसतो हा समजच मोडतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे. बाजूला ठेवलेले पैसे पुढचे पैसे यायच्या आत, काही विशेष न घडता काढावे लागले, तर हिस्सा जास्त आहे. निम्मा करा. तरी काढावे लागले तर त्याच्याही निम्मा. २ भाग ठेवून ते जागेवर राहिले तर ते काढून घेतलेल्या २० पेक्षा कामाचे.

आम्ही ५ वर आलो. आता प्रश्न होता की हे ५ येणार कुठून. तिला वाटत होतं, शेवटच्या आठवड्यात हात आखडता घ्यायला हवा. खरं तर शेवटच्या आठवड्यात खर्चायला काही उरतच नव्हतं. फोनवरचे व्यवहार तारखेनुसार बघितले तर पहिल्या दहा दिवसांतच ६० भाग गेलेले. पैसे आले की दोन-चार दिवस आपण श्रीमंत असतो. कुणी काही सुचवलं की “चल” म्हणतो, त्यातले निम्मे खर्च विसाव्या तारखेला कुणी सुचवले असते तर नकोच म्हटलं असतं. म्हणून हिस्सा काढायचा तो पैसे येतील त्याच दिवशी, पहिला खर्च करायच्या आधी. महिनाअखेरीस उरेल ते ठेवू म्हटलं की काही उरत नाही.

तिच्या घरून पैसे कधी तीन तारखेला येत, कधी नऊला, आणि दर वेळी तेवढेच असंही नसे. अशा वेळी बँकेत ठरावीक तारखेची स्वयंचलित सूचना देणं अंगाशी येऊ शकतं. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर काही ठिकाणी दंडच कापला जातो. म्हणून तिने तारीख बांधली नाही, खूण बांधली. पैसे जमा झाल्याचा मेसेज वाचला की दुसरं काही करायच्या आधी ५ भाग दुसऱ्या खात्यात. त्या खात्याचं कार्ड तिने घरी आईकडे ठेवलं आणि पैसे देण्याच्या ॲपला ते खातं जोडलं नाही. काढायचे तर काढता येतील, पण उठून काहीतरी करावं लागेल, एवढीच आडकाठी. ज्यांच्याकडे दुसरं खातं नाही, त्यांनी रोख पाकिटात घालून कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवली तरी चालते. रोजच्या पाकिटातच वेगळा कप्पा केला तर मात्र चालत नाही. मी पुष्कळांचा बघितला आहे, महिनाभरात तो कप्पा आणि उरलेलं पाकीट एक होतं.

ठरावीक रक्कम न ठरवता ठरावीक हिस्सा का, हेही तिने विचारलं. कारण रक्कम ठरवली की कमी पैसे आलेल्या महिन्यात ती जड होते आणि नियम मोडतो. हिस्सा आपोआप लहान होतो. १०० ऐवजी ६० आले, तर ५ ऐवजी ३. कुणी वाढदिवसाला पैसे दिले आणि ते १२० झाले, तर ६. दर वेळी “या महिन्यात जमेल का” हा वाद स्वतःशी घालावा लागत नाही. सवय बहुधा त्या वादातच मरते.

पण पहिले तीन महिने तिच्या दुसऱ्या खात्यात काहीच गेलं नाही. ते मीच थांबवलं होतं. उसनवारी चालू असताना बाजूला बचत करणं म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणं. म्हणून ते ५ आधी उसनवारीवर. खर्च ९५ वर आणला. पहिल्या महिन्यात १५ परत केल्यावर ८५ राहिले, म्हणजे महिनाअखेरीस १५ ऐवजी १० च उसने घ्यावे लागले. दुसऱ्या महिन्यात ५. तिसऱ्या महिन्यात शून्य. तिला हे अजिबात आवडलं नव्हतं. “मॅडम, मी कमी खर्च करतेय आणि दिसत कुठेच नाहीये.” खरंच दिसत नाही. म्हणून कागदावर तीन चौकोन काढून दिले आणि दर महिन्याला एक रंगवायला सांगितला. बालिश वाटेल, पण तिसरा रंगवून तिने मला फोटो पाठवला होता. चौथ्या महिन्यापासून खात्यात ५-५ जाऊ लागले.

सातव्या महिन्यात फोनची काच फुटली. खर्च १२ भाग. त्या महिन्याचे धरून खात्यात २० होते. १२ काढले, ८ उरले. रूममेटला विचारावं लागलं नाही, घरी खोटं कारण सांगावं लागलं नाही. हा तोच प्रसंग होता ज्याने मागे दीड वर्ष तिच्या प्रत्येक महिन्याला भोक पाडलं होतं.

राहिलं “नोकरी लागली की करेनच.” रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यातला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध केला. कामगारांना आत्ता बचत वाढवा असं न म्हणता, पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही हिस्सा बचतीत जाईल अशी संमती आधीच घेऊन ठेवली. ज्यांनी ती दिली त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हे पगारदार प्रौढ होते, विद्यार्थी नव्हते, आणि योजना स्वीकारायला तयार झालेले होते, हे लक्षात ठेवूनच हा दाखला द्यावा. पण पगार वाढल्यामुळे बचत वाढली नाही, वाढ हातात यायच्या आधी हिस्सा ठरला होता म्हणून वाढली, हे त्यातून दिसतं. पहिला पगारही पॉकेटमनीसारखाच येतो, पहिले दहा दिवस श्रीमंतीचे घेऊन.

हे सगळ्यांना लागू नाही. एका मुलाला मी सरळ सांगितलं होतं की तू बचत करू नकोस. त्याच्या १०० भागांतले ९० पेक्षा जास्त प्रवास, जेवण आणि छपाईतच जात होते. चैन नावाला नव्हती. तिथे हिस्सा काढणं म्हणजे दुपारचं जेवण चुकवणं. आमचा वेळ फी-सवलतीचा अर्ज भरण्यात गेला, आणि तो योग्य गेला.

काच बदलल्यानंतर ती आली तेव्हा जरा खट्टू होती. “२० चे ८ झाले. आता दोन महिने १०-१० टाकते, म्हणजे भरून निघेल.” मी नको म्हटलं. डबा रिकामा झाला म्हणून हिस्सा दुप्पट केला की पुन्हा अठरा तारीख येते. पैसे ज्यासाठी ठेवले होते त्यालाच लागले होते, त्यात भरून काढण्यासारखं काही नव्हतं. तिने ५ च चालू ठेवले, आणि तीन महिन्यांत ८ चे २३ झाले.