दारातल्या फोटोत टाकलेली रांगोळी फरशीवर कशी बसवायची?

प्रश्न: वास्तुशांतीच्या पत्रिकेसाठी आमच्या दारातला फोटो घेतलाय. पुढची जुनी शहाबादी फरशी मोकळी दिसते म्हणून फोटोशॉपमध्ये पीएनजी रांगोळी टाकली, दाबून तिरकी पण केली, तरी स्टिकर चिकटवल्यासारखीच दिसते. खरोखर घातल्यासारखी कशी दिसेल?

उत्तर:

बेळगावात पत्रिका आणि फोटोंचं काम करतो, त्यामुळे हे काम वरचेवर हातात येतं. पावसाळ्यात तर जास्तच, कारण इकडच्या पावसात अंगणात रांगोळी टिकत नाही आणि पत्रिका मात्र वेळेत छापायची असते. स्टिकर दिसण्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एक म्हणजे रांगोळीचा मध्य चुकलेला असतो, आणि दुसरं म्हणजे फरशीवर पडलेला उजेड रांगोळीवर पडलेला नसतो. फरशीचा पोत त्यानंतर येतो, पण लोक नेमके तिथूनच सुरू करतात.

आधी मध्याचं बघू. तुम्ही "दाबून तिरकी केली" म्हणता, म्हणजे उंची कमी केली असणार आणि वरची बाजू थोडी आत घेतली असणार. नुसती उंची दाबली की पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा भाग सारखाच उरतो. जमिनीवर तसं दिसत नाही. लांबचा अर्धा जास्त आखडतो, जवळचा कमी. ठिपक्यांच्या रांगोळीत हे लगेच पकडलं जातं, कारण ठिपक्यांच्या ओळींमधलं अंतर मागे मागे कमी होत जायला हवं.

तुमची फरशी शहाबादी आहे, त्यामुळे माप आयतं मिळतं. दोन बाय दोन फुटी फरश्या असतील तर शेजारच्या दोन आणि त्यांच्या मागच्या दोन अशा चार धरा. हा झाला चार फुटांचा चौकोन, आणि चारी फरश्यांचे सांधे जिथे एकमेकांना छेदतात तो त्याचा खरा मध्य. वडगावातल्या एका घराच्या फोटोचं उदाहरण देतो, आकडे सोयीसाठी पूर्ण केलेत. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, आडवा. चौकोनाची जवळची कड वरून मोजून २८०० पिक्सेलवर होती आणि २००० पिक्सेल रुंद होती. दाराकडची कड २००० वर, रुंदी १२००. आता मध्य कुठे येईल? कर्ण काढले तर ते जवळच्या कडेपासून २०००/(२०००+१२००) इतक्या भागावर, म्हणजे ८०० पैकी ५०० पिक्सेलवर छेदतात. म्हणजे मध्य २३०० वर. नुसती दाबलेली रांगोळी तो २४०० वर ठेवते. शंभर पिक्सेलचा हा फरक बघणाऱ्याला नेमका सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

करायचं असं. रांगोळीची मूळ फाइल सपाट, वरून पाहिलेली आणि बरोबर चौरस हवी. वरच्या उदाहरणासाठी निदान २००० बाय २००० पिक्सेल. त्याच फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर चौकट आणि दोन्ही कर्ण लाल रेषेत काढा. मग फोटोत आणून `Convert to Smart Object` करा आणि `Edit > Transform > Distort` घेऊन चारी कोपरे चार फरश्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर नेऊन ठेवा. `Perspective` नको, त्यात दोन कोपरे एकदम हलतात आणि जरा बाजूने काढलेल्या फोटोत ते जुळत नाहीत. कोपरे बसले की लाल कर्ण सांध्यांच्या छेदावरच छेदले पाहिजेत. तिथे बसत नसतील तर एक तर कोपरा चुकलाय किंवा फरश्या चौरस नाहीत. जुन्या घरांत फरश्या कमीजास्त असतातच, तेव्हा टेप लावून एकदा मोजून घ्या. बसल्यावर स्मार्ट ऑब्जेक्ट उघडा आणि लाल रेघा बंद करा.

आणखी एक पडताळा आहे आणि तो मला फार आवडतो. चौकोनाच्या डाव्या-उजव्या कडा वर वाढवत न्या. वरच्या उदाहरणात त्या ८०० पिक्सेलवर एकत्र येतात. तिथून आडवी रेघ मारली की ती दाराच्या चौकटीला ज्या उंचीवर छेदते, साधारण त्याच उंचीवर फोटो काढताना फोन धरलेला असतो. इथे ती छातीपर्यंत आली आणि फोटो छातीशी फोन धरूनच काढलेला होता. ती रेघ चौकटीच्या वर गेली किंवा उंबऱ्याशी आली तर समजा, चौकोन चुकीचा धरलाय. फोटो `0.5x` वर काढला असेल तर हा हिशेब जमणार नाही, कारण त्या लेन्सने कडेच्या सरळ रेषा वाकू शकतात. `1x` वर पुन्हा काढा.

फरशी नसेल, नुसता कोबा किंवा सारवलेलं अंगण असेल, तर फोन न हलवता दोन फोटो काढा, एक जमिनीवर चौरस पाट ठेवून आणि एक पाट काढून. पाटाचे चार कोपरे तेच काम करतात. मात्र पाटाची जाडी लक्षात घ्या. कोपरे धरायचे ते खालचे, जिथे पाट जमिनीला टेकतो.

आता उजेड. इथे बहुतेक जण रांगोळीचा लेयर `Multiply` करतात आणि पांढरी रांगोळी गायबच होते. पांढऱ्याने गुणलं की खालचीच फरशी उरणार. मग `Overlay` करून बघतात, तेव्हा रांगोळी काचेसारखी पारदर्शक होते. रांगोळीची पूड तर खालचा दगड झाकते. म्हणून रांगोळीचा लेयर `Normal`च ठेवायचा आणि फरशीवरचा फक्त उजेड तिच्यावर आणायचा.

त्यासाठी फरशीचा भाग `Ctrl+J` ने वेगळा काढा, `Desaturate` करा, रांगोळीच्या वर ठेवून `Alt+Ctrl+G` ने रांगोळीलाच जोडा आणि हा लेयर `Multiply` करा. आता सगळंच काळपट दिसेल, कारण शहाबादी दगड मुळात गडद. म्हणून `Levels` मधला पांढरा स्लायडर डावीकडे ओढा. समजा उन्हातला दगड ११० आणि चौकटीच्या सावलीतला ५५ आहे. स्लायडर १२५ वर आणला की ते २२४ आणि ११२ होतात. ऊन-सावलीचं दुपटीचं नातं तसंच राहतं, रांगोळी उन्हात पांढरी दिसते आणि चौकटीची सावली तिच्यावरून नीट जाते. मधला स्लायडर १.०० वरच असू द्या, तो हलवला की हे नातं बिघडतं. फोटोत त्याच उन्हात चुन्याची भिंत किंवा पांढरं धोतर असेल तर रांगोळीचा पांढरा त्याच्याशी ताडून बघा. रांगोळी त्याहून जास्त चमकत असेल तर ती फोटोतली राहत नाही.

या लेयरमध्ये दगडाचे डाग आणि रेषाही येतात, पण पुडीखाली ते दिसायला नकोत. `Filter > Noise > Median` आठ-दहावर ठेवा. सावलीची कड बरीचशी शाबूत राहते आणि बारीक डाग जातात. मोठा डाग उरलाच तर त्या लेयरवर क्लोन स्टँपने पुसा.

पोताला यानंतर हात घाला, आणि जपून. कपड्यावर डिझाइन बसवायचे व्हिडिओ बघून बरेच जण फरशीवरही `Displace` लावतात. कपड्याला चुण्या असतात म्हणून तिथे ते लागतं. सपाट फरशीवर घातलेली रेघ वाकत नाही, ती तुटते आणि कडेला विस्कटते. तेवढंच दाखवायचं.

सांध्यात पूड खाली बसते, म्हणून रेघ तिथे फिकी होते. लेयर पॅनेलमध्ये रांगोळीच्या लेयरच्या नावाशेजारच्या रिकाम्या जागेवर डबल क्लिक करून `Blend If` मधल्या `Underlying Layer` चा काळा स्लायडर `Alt` दाबून दोन भागांत फोडा आणि दोन्ही अर्धे २५ आणि ४५ वर ठेवा. सांध्याचा काळा पट्टा २०-३० च्या आसपास असेल तर तो वर येतो आणि ५५ चा सावलीतला दगड झाकलेलाच राहतो. तुमच्या फोटोत हे आकडे वेगळे असतील. इन्फो पॅनेलमध्ये सांध्यावर आणि सावलीतल्या दगडावर माऊस नेऊन बघा. दोन्ही सारखेच गडद निघाले तर `Blend If` चा उपयोग नाही, मास्कवर बारीक ब्रशने सांधे हातानेच काढावे लागतील.

कडेसाठी स्मार्ट ऑब्जेक्ट उघडून सपाट रांगोळीवरच काम करा, म्हणजे दाणे दूर जाताना आपोआप लहान होतात. कड दोन-तीन पिक्सेल मऊ करा, लेयर `Dissolve` करा, त्याखाली रिकामा लेयर ठेवून `Ctrl+E` ने दोन्ही एकत्र करा. धूसर कडेचे सुटे दाणे होतात. किती करायचं? वरच्या उदाहरणात चार फुटांना २००० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.६ मिलिमीटर. शिरगोळ्याच्या पुडीचा एकेक दाणा इतक्यावरून वेगळा दिसणारच नाही, म्हणून मोठे दाणे उधळू नका.

याच मापाने रेघ पण तपासा. चिमटीने सोडलेली रेघ ४-५ मिलिमीटरची धरा, म्हणजे पुढच्या कडेला ७-८ पिक्सेल आणि दाराकडे ४-५. नेटवरच्या पीएनजीत रेघ कधीकधी ३० पिक्सेलची असते, म्हणजे जवळपास १८ मिलिमीटर. ती कितीही नीट बसवली तरी ऑइल पेंटने काढल्यासारखी दिसते. अशी रांगोळी सोडून द्या आणि बारीक रेघांची घ्या, किंवा घरातल्या कुणाला तरी कोरड्या जागी घालायला सांगून बरोबर वरून फोटो काढा. मी बहुतेक वेळा हेच करतो. हाताने घातलेल्या रेघेत जाडबारीकपणा असतो, तो फिल्टरने आणायला जास्त वेळ जातो.

फरशी ओली असलेला फोटो मात्र यासाठी घेऊ नका. ओला दगड चमकतो, त्यात आकाश दिसतं, आणि त्यावर कोरडी पांढरी पूड कुणालाच पटत नाही. रांगोळी उंबऱ्याच्या उभ्या भागावर चढू देऊ नका, आणि पुढे चपला असतील तर त्या मास्क करून रांगोळीच्या वर आणा. त्यांची फरशीवरची सावली तुमच्या उजेडाच्या लेयरमध्ये आलेलीच असते, त्यामुळे ती वेगळी काढावी लागत नाही.