गेमपॅड, कूलर आणि ट्रिगर: साडेसात हजारांतलं नेमकं काय घ्यावं?

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, हातात १८,५०० येतात. घरी ७,००० पाठवतो, बँकेत ११,००० आहेत. रोज रात्री बीजीएमआय खेळतो. फोन दोन वर्षांचा आहे, खेळताना तापतो आणि अडकतो. कार्टमध्ये गेमपॅड ४,२००, पेल्टियर कूलर २,३०० आणि ट्रिगरची जोडी ९५० असं ७,४५० चं सामान आहे. सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? मित्र म्हणतो, टूर्नामेंट खेळून पैसे निघतील.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ईएमआयवर घेऊ नका. आत्ता शे-तीनशे रुपयांची ट्रिगरची साधी जोडी घ्या, कूलरचा निर्णय आठवडाभर थांबून करा आणि गेमपॅड कार्टमधून आजच काढा.

गेमपॅड आधी, कारण सर्वांत मोठी रक्कम तिथे आहे. बीजीएमआय गेमपॅडला सपोर्ट करत नाही. पॅड ब्लूटूथने फोनला जोडला जाईल, मेन्यूत कदाचित बाण हलेलही, पण मॅचमध्ये निशाणा आणि फायर त्यावर चालणार नाहीत. मग दुकानदार किंवा यूट्यूबवाला मॅपिंग अ‍ॅप टाकायला सांगतो. ते अ‍ॅप पॅडचं बटण दाबलं की स्क्रीनवर बोट टेकल्याची नक्कल करतं. गेमच्या लेखी ही बाहेरची छेडछाड असते आणि त्यात अकाउंट बंद होऊ शकतं. म्हणजे ४,२०० रुपये देऊन तुम्ही आजवर जमवलेली रँक आणि स्किन्स पणाला लावाल. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल किंवा अस्फाल्टसारखे रेसिंग गेम खेळत असतात तर मी वेगळं बोललो असतो, कारण तिथे पॅड अधिकृतपणे चालतो. पुढे कधी तिकडे वळलात तरी आधी कुणाकडे पीएस४ किंवा एक्सबॉक्सचा पॅड असेल तर तो मागून आणा. ब्लूटूथचे हे पॅड अँड्रॉइडला जोडले जातात. आठवडाभर त्यावर खेळून हात बसला, तरच नवीन घ्यायचा विचार करा.

आता ट्रिगर. बीजीएमआय खेळणाऱ्याला पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. साध्या ट्रिगरमध्ये बॅटरी नसते, वायर नसते. वर धातूची कळ आणि खाली विजेला वाट देणारी छोटी गादी असते. बोटाचा विद्युतभार कळीतून गादीपर्यंत पोचतो आणि स्क्रीनला तिथे बोट टेकल्यासारखं वाटतं. तुम्ही फायर आणि स्कोपची बटणं सेटिंगमधून वरच्या दोन कोपऱ्यांत, बरोबर गादीखाली सरकवायची. मग दोन्ही तर्जन्या या दोन कामांना लागतात आणि अंगठे चालण्या-वळण्यासाठी मोकळे होतात. याच कामाची ९५० ची जोडी बहुधा 'रॅपिड फायर'वाली असते. तिच्यात पिन किंवा सेल असतो आणि ती आपोआप टकटक दाबत राहते. ती घेऊ नका. स्पर्धेत ती चालत नाहीच, आणि माणसाच्या बोटाने शक्य नाही अशा वेगाने गोळ्या सुटल्या की अकाउंट संशयात येतं.

घ्यायची ती एमजी रोडवर जाऊन, स्वतःच्या फोनवर लावून घ्या. नेमकं तीन ठिकाणी फसतं. जाड टेम्पर्ड ग्लास असेल तर पाच दाबांतला एखादा दाब लागतच नाही. कडा वळलेल्या असतील तर चिमटा सरकतो. आणि पुष्कळदा चिमटा आवाजाच्या किंवा पॉवरच्या बटणावरच बसतो. ट्रेनिंग ग्राउंड उघडून पन्नास गोळ्या झाडा. एकही दाब हुकला तर दुसरी जोडी मागा.

कूलरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि स्क्रीनही मंद होते. पण 'अडकतो' याची कारणं तीन असतात. पहिल्या मिनिटापासून अडकत असेल, तर ग्राफिक्स फोनच्या ताकदीबाहेर लावलेत. कोपऱ्यातला पिंगचा आकडा लाल होत असताना अडकत असेल, तर नेटवर्कचा दोष आहे. पंधरा-वीस मिनिटं छान चालून मग ब्राइटनेस आपोआप उतरला आणि गेम जड झाला, तरच ते तापणं. कूलर फक्त या तिसऱ्यावर चालतो.

म्हणून आधी फुकटची चाचणी करा. कव्हर काढा, चार्जर लावून खेळू नका, ब्राइटनेस निम्मा ठेवा, फ्रेम रेट एक पायरी खाली आणा आणि टेबलफॅनसमोर एरंगेल मॅपवर सलग दोन मॅच खेळा. चार्जिंग करत खेळणं हे बऱ्याच फोनमध्ये तापण्याचं मोठं कारण असतं. एवढ्याने दोन्ही मॅच सुरळीत गेल्या, तर २,३०० वाचले. चाचणी करताना फोन टेबलावर पालथा ठेवून पाठ फुगली आहे का तेही बघा. फुगवटा दिसला किंवा स्क्रीन कडेने उचलली असेल, तर फोन वापरायचा आणि चार्ज करायचा थांबवून सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे गरज बॅटरी बदलण्याची असते, कूलरची नाही.

चाचणीत गेम तरीही जड झाला, तर कूलर घेण्यात तथ्य आहे. चारशे रुपयांची नुसत्या पंख्याची क्लिप घेऊ नका. तुमचा टेबलफॅन तिच्यापेक्षा जास्त वारा देतो. पेल्टियर कूलरमध्ये विजेने प्लेट गार होते, त्यामुळे तो खरंच थंड करतो, पण त्याला वेगळा चार्जर आणि वायर लागते, कव्हर लावून तो निकामी ठरतो, आणि तो बॅटरीवर नव्हे तर फोन सर्वांत जास्त तापतो तिथे, बहुधा कॅमेऱ्याच्या आसपास, टेकवावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत त्याचा उपयोग होईल. पावसाळ्यात मात्र जपा. नाशिकच्या दमट हवेत थंड प्लेटवर दव धरतं आणि ते पाणी कॅमेऱ्याच्या फटीत शिरू शकतं. पाण्याने झालेला बिघाड सहसा वॉरंटीत बसत नाही. दव दिसलं की बंद करून पुसा.

आता हप्त्याचं. ७,४५० भागिले सहा म्हणजे महिना सुमारे १,२४२. त्यावर समजा १९९ प्रोसेसिंग फी लागली, तर जीएसटीसकट ती २३५ होते, आणि रोख घेतल्यावर मिळणारी सूट असेल तर तीही जाते. पण मला फीपेक्षा तुमचे ११,००० जास्त छळतात. घरचे ७,००० वजा जाता तुमच्या हाती ११,५०० उरतात, म्हणजे बँकेतली शिल्लक तुमच्या जेमतेम एका महिन्याच्या खर्चाएवढी आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये ब्रेक मिळाला, तर पुढच्या महिन्यात खोलीभाडं, घरचे पैसे आणि हप्ता एकदम समोर येतील. तेच १,२०० महिन्याला आरडीत टाकलेत, तर सहा महिन्यांत ७,२०० आणि वर थोडं व्याज होतं. कूलर लागलाच तर तिसऱ्या महिन्यानंतर त्यातून रोखीने घ्या.

टूर्नामेंटची कमाई मी या हिशेबात धरलेली नाही. मागच्या सहा महिन्यांत बक्षीस म्हणून खात्यात प्रत्यक्ष किती आले, ते पासबुकात बघा आणि तेवढंच धरा. ज्या स्पर्धेत उतरणार तिची नियमावलीही आधी वाचा. अनेक ठिकाणी साधे ट्रिगरसुद्धा काढायला लावतात, आणि सवय ट्रिगरची झाली असेल तर त्या दिवशी हात अडखळतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस ट्रिगरशिवाय, चार बोटांनी खेळत राहा.