ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरला नव्वद नंबर ऑइल का चालत नाही

प्रश्न: साहेब, आमचा ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे, ऑइल ब्रेकवाला. दिवाळीनंतर सर्व्हिसिंग केली तेव्हा मिस्त्रीनं मागचं सगळं ऑइल काढून नव्वद नंबर गियर ऑइल टाकलं, स्वस्त पडते म्हणून. आता सकाळी लिफ्ट उशिरा उचलते अन् पंप ओरडते, दुपारी बरोबर चालते. ब्रेक दाबला की थांबता थांबता कर्र आवाज येऊन मागचा भाग थरथरते. मिस्त्री म्हणते ब्रेकच्या प्लेटा गेल्या, बदला. बदलाव्या का? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, प्लेटा आत्ताच बदलू नका. आधी ऑइल बदला. दोन्ही तक्रारी सर्व्हिसिंगनंतर सुरू झाल्या आहेत आणि दोन्हींचं मूळ त्या ऑइलमध्येच दिसतं. मात्र ऑइल बदलेपर्यंत भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर जाऊ नका, कापूस जिनिंगवर न्यायचा असेल तर दुसरी सोय करा. शेतातलं हलकं काम असलं तरी डावं-उजवं पेडल एकमेकांना जोडूनच चालवा.

तुमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या भागात एकच तेलाची टाकी आहे. गियरबॉक्स, डिफरन्शियल, लिफ्टचा पंप आणि ब्रेकच्या प्लेटा या सगळ्यांना तेच एक तेल जातं. म्हणून या ट्रॅक्टरला यूटीटीओ नावाचं वेगळं ट्रान्समिशन ऑइल लागतं. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे असायचे आणि कित्येकांत हायड्रोलिकचं तेलही वेगळं असायचं. तिथे नव्वद नंबर बरोबर चालायचं, आणि मिस्त्री लोकांच्या हाताला तेच बसलं आहे.

सकाळची तक्रार जाडपणाची आहे. ४० अंशांना नव्वद नंबर हे यूटीटीओच्या साधारण तिप्पट जाड असतं, आणि थंडीत ही तफावत आणखी वाढते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा ते काकवीसारखं होतं. पंपाला ते जाळीतून वेळेवर ओढता येत नाही. तेल कमी पडलं की पंपात पोकळी तयार होते, बुडबुडे फुटतात आणि तोच ओरडण्याचा आवाज. दुपारपर्यंत तेल तापून पातळ होतं म्हणून लिफ्ट सुधारल्यासारखी वाटते. पण रोज सकाळी पंपाच्या आतला धातू थोडा थोडा कुरतडला जातो, म्हणून दुपारी चालते यावर समाधान मानू नका.

ब्रेकची तक्रार वेगळी आहे आणि ती नीट समजून घेणं गरजेचं आहे, कारण इथेच विनाकारण प्लेटांचा खर्च होतो. ऑइल ब्रेकमध्ये अस्तर असलेल्या चकत्या आणि पोलादी चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, मधे तेलाचा पातळ थर असतो. चाक फिरत असताना होणारं घर्षण आणि चाक थांबायच्या क्षणी होणारं घर्षण जवळपास सारखं राहिलं, तर ट्रॅक्टर गुळगुळीत थांबतो. यूटीटीओमध्ये त्यासाठीच घर्षण सांभाळणारं रसायन घातलेलं असतं. गियर ऑइलमध्ये ते नसतं. मग वेग कमी होताच चकत्या धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. तुम्हाला ऐकू येणारा कर्र आवाज आणि थरथर म्हणजे हीच धरसोड. थांबता थांबताच आवाज येतो असं तुम्ही लिहिलं, त्यावरून माझा संशय प्लेटांपेक्षा तेलावर जास्त आहे.

गियर ऑइलमध्ये दातांवरचा प्रचंड दाब सोसायला गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात. गियरला ती चांगलीच. पण डब्यावर जीएल-५ लिहिलं असेल तर त्यांचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि तेल तापलं की ती पितळ-काशाचे बुश व पट्ट्या खाऊ शकतात. म्हणून रिकामा डबा मिस्त्रीकडून मागवून त्यावर जीएल-४ होतं की जीएल-५, ते बघा. जीएल-५ असेल तर एक दिवसही थांबू नका.

आता बदलायचं कसं. ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास चालवून तेल कोमट करा. सपाट जागी उभा करा, अवजार काढा, लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडा आणि इंजिन बंद करा. मग खालचे सगळे ड्रेन प्लग उघडा. गियरबॉक्सखालचा एकच प्लग काढून काम संपवलं तर डिफरन्शियल आणि दोन्ही बाजूंच्या एक्सलमधलं तेल तसंच राहतं. तासभर निथळू द्या. चुंबकाच्या प्लगवर काळा मऊ लेप असेल तर काळजी नाही, पण बोटाला टोचणारे कण लागले तर मिस्त्रीला गियर तपासायला सांगा. पंपाची जाळी डिझेलने धुवा आणि हायड्रोलिक फिल्टर नवीन लावा.

कितीही निथळलं तरी काही तेल आत राहतंच. समजा तुमची टाकी ४५ लिटरची आहे आणि ७ लिटर जुनं राहिलं, तर नवीन भरल्यावरही सुमारे १५ टक्के गियर ऑइल आत असेल. ब्रेकसाठी हे जास्त आहे. म्हणून पहिल्यांदा डिपस्टिकच्या खालच्या खुणेपर्यंतच यूटीटीओ भरा, इंजिन हळू चालवून लिफ्ट दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, मोकळ्या मैदानात हळू चालवत ब्रेक पंधरा-वीस वेळा दाबा. आठ-दहा तास हलकं काम करून हे तेल पुन्हा काढा आणि पूर्ण भरा. दुसऱ्या बदलानंतर जुनं तेल दोन-तीन टक्क्यांवर येतं. दोनदा तेल घ्यायचं जिवावर येईल हे मला कळतं, पण ब्रेकची खोली उघडून प्लेटा बदलण्याच्या मजुरीपुढे हा खर्च कमी आहे. दुसऱ्या बदलानंतरही, तेल गरम असताना आवाज येत असेल तरच प्लेटा उघडून बघा. अस्तर काचेसारखं चकचकीत झालं असेल तर ते तेलानं सुधारत नाही, मग त्या बदलाव्याच लागतील.

विकत घेताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. यूटीटीओच्या डब्यावरही जीएल-४ लिहिलेलं असतं, म्हणून जीएल-४ लिहिलेलं प्रत्येक तेल यूटीटीओ होत नाही. यूटीटीओ ही अक्षरं, ओल्या ब्रेकचा उल्लेख आणि तुमच्या कंपनीचा क्रमांक डब्यावर हवा. जॉन डिअरच्या तेलाला जे२०सी, मॅसी फर्ग्युसनला एम११४५ असे क्रमांक असतात. तुमच्या ट्रॅक्टरचा क्रमांक आणि टाकीची क्षमता सोबतच्या पुस्तिकेत आहे, ती दुकानदाराला दाखवूनच घ्या. चारचाकी ओढीचा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या एक्सलचं तेल वेगळं असू शकतं, तेही पुस्तिकेतच बघा. आणि हे यूटीटीओ इंजिनात कधीही टाकू नका, त्यात काजळी सांभाळायची ताकद नसते.

उचलणारी ट्रॉली गावात अनेकांच्या ट्रॅक्टरला लागते. तिच्या जॅकमध्ये ज्याचं त्याचं तेल राहतं आणि पाइप जोडला की तुमच्या टाकीत येतं. ट्रॉली कोणाच्या ट्रॅक्टरवरून आली, त्यात कोणतं तेल होतं, ते विचारूनच जोडा आणि जोडणीची तोंडं आधी कपड्यानं पुसा. भंडारा-गोंदियाकडे बांधीत चिखलणी करणाऱ्यांनी रोवणीच्या काळात डिपस्टिक रोज काढून बघावी. तेल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलं आहे, ते तेल कितीही नवीन असो, काढून टाकावं आणि एक्सलचं सील तपासून घ्यावं.