नामावलीची थरथर आणि नावांचा क्रम

प्रश्न: आमचा १२ मिनिटांचा लघुपट देवगडला शूट झाला. शेवटची नामावली वर सरकताना अक्षरं थरथरतात, नीट वाचता येत नाहीत. शिवाय कुणाचं नाव आधी घ्यायचं यावरून टीममध्ये वाद चाललाय. काय करावं?

आधी थरथर. आपल्या लिपीत शिरोरेषा आडवी असते आणि नामावली सरकते उभी, म्हणून हा त्रास देवनागरीत जास्त डोळ्यांवर येतो. नामावलीची पट्टी प्रत्येक फ्रेमला २.७ पिक्सेल सरकत असेल, तर शिरोरेषेची कड कधी पिक्सेलवर बरोबर बसते, कधी दोन पिक्सेलच्या मध्ये अडकते. मध्ये अडकली की सॉफ्टवेअर तिथे करडा रंग भरतं. मग रेषा एका फ्रेमला जाड, पुढच्या फ्रेमला बारीक दिसते. तुम्हाला दिसते ती थरथर बहुतेक हीच. बाणाच्या कीने एकेक फ्रेम पुढे जा आणि एकाच नावाच्या शिरोरेषेकडे बघा. जाडी बदलत असेल तर वेग अपूर्णांकात आहे हे नक्की.

म्हणून सेकंद आधी ठरवू नका, वेग ठरवा: दर फ्रेमला पूर्ण ३ पिक्सेल. समजा तुमच्या ३० ओळी आहेत, प्रत्येकीला ७० पिक्सेल, आणि विभागांमध्ये १०० पिक्सेलच्या ६ मोकळ्या जागा. पट्टी झाली २,७०० पिक्सेल उंच. ती १०८० पिक्सेल उंच पडद्याखालून येऊन पूर्ण वर निघून जायची तर ३,७८० पिक्सेल चालायला हवी. भागिले ३ म्हणजे १,२६० फ्रेम; सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने साधारण ५० सेकंद. प्रत्येक नाव पडद्यावर १४ सेकंदांहून थोडं जास्त राहतं, सावकाश वाचणाऱ्यालाही ते पुरतं. संगीत आधी संपत असेल तर वेग ३.३ करू नका, मोकळ्या जागा कमी करा किंवा सरळ ४ वर जा. सुरुवातीला आणि शेवटी वेग हळू करणारा ईझ बंद ठेवा, नाहीतर तिथे पुन्हा अपूर्णांक येतील.

ओळीला ७० पिक्सेल जास्त वाटतील, पण अक्षर ४२ च्या आसपास असेल तर ते लागतातच. वरच्या ओळीत ‘कृष्णा’ आणि खालच्या ओळीत ‘मूर्ती’ लिहून बघा. इंग्रजीला पुरणाऱ्या अंतरात कृ चा ऋकार खालच्या ओळीकडे आणि र्ती चा रफार वरच्या ओळीकडे घुसतो. अक्षर मध्यम जाडीचं घ्या, Mukta चांगला चालतो. तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर सगळी पट्टी Inkscape मध्ये बनवून पारदर्शक PNG काढा आणि तेच चित्र सरकवा. अक्षरांचा रंग अगदी पांढरा ठेवू नका, किंचित करडा ठेवा. अंधारात डोळे दिपत नाहीत. आणि नावं पंधराच्या आत असतील तर सरकवूच नका, चार-चार नावांच्या स्थिर पाट्या करा. मला त्याच जास्त आवडतात.

आता क्रम. आमचा पहिला लघुपट मालवणजवळ झाला. एका तांडेलांनी चार दिवस पहाटे होडी काढली, कॅमेरा भिजू नये म्हणून स्वतः ताडपत्री धरून उभे राहिले. आम्ही त्यांचं नाव ‘विशेष आभार’ मध्ये, हॉटेलवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये टाकलं. शाळेच्या हॉलमध्ये खेळ झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “माझा नाव कामवाल्यांत नाय?” मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: शूटच्या दिवशी ज्याने काम केलं तो कामाच्या यादीत, पैसे घेतले असोत वा नसोत. जागा, वस्तू किंवा परवानगी दिली तो आभारात. कलाकार पडद्यावर येण्याच्या क्रमाने, एकाच दर्जाचे साहाय्यक अकारविल्हे. आणि हे ‘प्रवेशानुक्रमे’, ‘अकारविल्हे’ शब्द त्या त्या विभागाच्या डोक्यावर लिहूनच टाका, म्हणजे वाद तिथेच मिटतो. दिग्दर्शकानेच लेखन आणि संकलन केलं असेल तर त्याचं नाव तीनदा आणू नका, एकदाच आणा आणि कामं शेजारी लिहा. तुमच्यासारख्या छोट्या टीममध्ये एकच नाव परत परत आलं की बाकीची नावं झाकली जातात.

पट्टी लॉक करण्याआधी प्रत्येकाला त्याच्या नावाच्या ओळीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘बरोबर’ असं लिहून आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही व्याकरणाने ठरवू नका, माणूस स्वतःचं नाव जसं लिहितो तसंच ठेवा. आम्ही ती पट्टी नंतर पुन्हा बनवली. तांडेलांची ओळ आता छायाचित्रण विभागात आहे: ‘होडी आणि समुद्रातील चित्रीकरण’.