नाव घ्या, पण इन्स्टावर

मावशी, महिन्यापूर्वी माझं लग्न झालं. माहेर खानापूर, सासर निपाणी. गोकर्णला कुडले बीचवर एक फोटो छान आलाय: आम्ही दोघं पाठमोरे, समोर पाण्याला टेकलेला सूर्य, ह्यांच्या हातात माझ्या चपला. खरं तर त्या वेळी हे चहावाला शोधत होते! फोटो इन्स्टावर टाकायचाय. तिथं सासूबाई आहेत, आत्याबाई आहेत, बेळगावचं माझं सगळं ऑफिस आहे, त्यात निम्मे कन्नड. मी लिहिलं होतं, ‘तुझ्या मिठीत जग विसरले, सूर्यही लाजून बुडाला. त्या चार रात्री फक्त आपल्या.’ ह्यांना आवडलं, पण पोस्ट करायचं मला धाडस होईना. रोमँटिक हवं, वाचून थोडं हसू यावं, पण आमच्यातलं चव्हाट्यावर जाऊ नये. काय लिहू? – नवी नवरी, निपाणी

अगं, धाडस झालं नाही ते बरंच झालं. तुझ्या ओळी वाईट नाहीत, पण त्या ह्यांना कानात सांगायच्या आहेत, आत्याबाईंना वाचायला द्यायच्या नव्हेत. ‘मिठी’ फोटोत कुठंच नाही, ती तू वरून सांगतेस. आणि ‘चार रात्री’ म्हटलंस की वाचणारा समुद्र सोडून रात्री मोजत बसतो. लाजणारा सूर्य तर लग्नाच्या अल्बमपासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडं लाजून झालाय, त्याला आता सुट्टी दे.

अवघड जागी प्रेम कसं बोलायचं, हे तुला मी शिकवायला नको. निपाणीच्या दारात माप ओलांडायच्या आधी तुला अडवून नाव घ्यायला लावलंच असेल. समोर सासूबाई, दीर, शेजारपाजार, मागं फिदीफिदी हसणाऱ्या नणंदा. तरी उखाण्यातून तू नवऱ्याचं नाव घेतलंस, सगळे हसले आणि तुमच्या दोघांतलं काहीही कुणाला कळलं नाही. तुला हवंय ते हेच. उखाण्याची घडण बघ. पहिल्या ओळीत डोळ्यांना दिसणारं काहीतरी असतं, महादेवाची पिंड म्हणा, चांदीचं ताट म्हणा. दुसऱ्या ओळीत नाव येतं आणि एक गिरकी येते. गंमत त्या गिरकीत असते आणि जिव्हाळा नाव घेण्यातच आला, तो वेगळा सांगावा लागत नाही.

तुझ्या फोटोत पहिली ओळ आयती आहे. गिरकीसुद्धा तूच पत्रात लिहून पाठवलीस, तुला कळलं नाही इतकंच. सगळा किनारा सूर्याकडं बघतोय आणि नवरदेव चहावाला शोधताहेत! सूर्याचा काठ पाण्याला टेकला की दोन-अडीच मिनिटांत तो पुरता दिसेनासा होतो, आणि नेमकी तीच मिनिटं ह्यांनी चहावर घालवली. मग असं लिही:

*गोकर्णच्या किनाऱ्यावर सूर्य टेकला पाण्याला,*
*…रावांना विचारलं काय बघता, म्हणाले चहावाल्याला.*

टिंबांच्या जागी त्यांचं नाव घाल. मी हे मोठ्यानं म्हणून बघितलं, ‘म्हणाले’नंतर जरा थांबलीस तर हसू हमखास येतं. यात प्रेमाचा एक शब्द नाही, पण शेजारी उभ्या माणसाची नजर कुठं गेली हे जिला लगेच कळतं ती बायको कशी आहे, ते वाचणाऱ्याला बरोबर समजतं. हॉटेल नाही, रात्र नाही, मिठी नाही. आणि ओळी दोनच ठेव. इन्स्टावर फोटोखाली सुरुवातीचंच थोडं दिसतं, बाकीचं बोट लावल्यावर उघडतं. आधी बदामांची रांग आणि हॅशटॅग लावलेस, तर गिरकी आत दडून बसेल.

आता चपला. तुला वाटत असेल, सगळ्यात गोड गोष्ट तीच. मलाही तसंच वाटतं. पण शब्दात ती आणू नकोस. फोटोत दिसतात तेवढ्या पुरे. ज्याला दिसायच्या त्याला दिसतील आणि तो गालात हसेल. कॅप्शनमध्ये लिहिलंस की ‘पोरगं बायकोच्या चपला धरतंय’ हे निपाणीत घरोघरी पोचेल आणि टोमणा तुला नाही, त्यांना बसेल. चहावर चिडवलेलं चालतं, कारण चहाबाज नवरा प्रत्येक घरात असतो. तरी टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखव. त्यांनी तोंडदेखलं ‘ठीक आहे’ म्हटलं तर टाकू नकोस, खदखदून हसले तर टाक.

उखाणा फारच घरगुती वाटला, तर एक साधी ओळ आहे: ‘सूर्य वेळेवर निघाला. आम्हाला मात्र घाई नव्हती.’ हिच्यात हसू कमी आहे, ओढ जास्त. कुणाला काही विचारायला जागाही राहत नाही. तुझ्या माहेरचं काही हवं असेल तर, ‘खानापुरात सूर्य डोंगराआड जायचा, तेव्हा बघणारी मी एकटी. इथं पाण्यात गेला, तेव्हा आम्ही दोघं.’ खरं सांगू, मला स्वतःला ही जास्त आवडते. पण तुला हसू हवंय आणि हिच्यात ते नाही, म्हणून चहावालाच ठेव.

एक सांभाळ. फोटोखाली ‘सूर्यास्त’, ‘अस्त’ असलं लिहू नकोस. नव्या जोडप्याच्या फोटोवर ते वाचून एखादी आजी नाक मुरडणारच. टेकला, निघाला, पाण्यात गेला, असं म्हटलं की भागतं.

शब्दांवर इतकी मेहनत करून बायका फोटोतच घर उघडं टाकतात, ते मी फार बघितलंय. म्हणून फोटो मोठा करून कोपरे बघ. खांद्यावरच्या टॉवेलवर हॉटेलचं नाव, बोटात अडकवलेली खोलीची नंबरवाली किल्ली, असं काही असेल तर कापून टाक. ठिकाण टॅग करायचंच असेल तर ‘गोकर्ण’ पुरे, हॉटेलचं नाव कशाला? हनिमूनचा हॅशटॅग तर लावूच नकोस, खातं सगळ्यांना खुलं असेल तर त्यावरून अनोळखी माणसं येतात. घरी परतल्यावर टाकतेस हे चांगलं, नाहीतर इकडं घराला कुलूप असल्याची दवंडीच झाली असती. आणि हाच फोटो स्टेटसला ठेवणार असशील तर चोवीस तासांत जातो म्हणून सैल लिहू नकोस. आत्याबाईंना स्क्रीनशॉट काढता येतो.

ऑफिसातल्या कन्नड मंडळींना यमक कळणार नाही. त्यांच्यासाठी कॅप्शन लांबवू नकोस, ह्यांनाच खाली कमेंट टाकू दे: ‘सूर्य होदा, नाविन्नू इल्ले.’ सूर्य गेला, आम्ही अजून इथंच. नवऱ्याचा आवाज आला की फोटो दोघांचा होतो आणि तुझ्या टेबलाशेजारच्या अक्काही हसतील.

मग खाली ‘गोड बातमी कधी?’ येणारच, तयार राहा. वडीलधाऱ्यांनी विचारलं तर नुसते हात जोडलेले टाक. मैत्रिणींनी वात्रट काही लिहिलं तर उत्तर न देता काढून टाक आणि तिला फोन करून सांग, ‘तुझं उडवलंय, सासूबाई वाचतात गं.’