‘स्टेबल’ म्हणजे कोणत्या स्कॅनच्या तुलनेत?

“मॅडम, आईच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये एका ठिकाणी ‘स्टेबल’, एका ठिकाणी ‘इंटरव्हल इन्क्रीज’ आणि एका ठिकाणी ‘न्यू’ असे लिहिले आहे. स्टेबल वाचून बरे वाटले, पण बाकीच्या दोन शब्दांनी झोप उडाली आहे. आजार परत आला का?”

हे विचारणाऱ्या मुलाच्या आईचे, म्हणजे आमच्या मावशींचे, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन सुमारे दीड वर्ष झाले होते आणि केमोथेरपीही पूर्ण झाली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) ओपीडी दुसऱ्या दिवशी होती आणि रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच हातात पडला होता, त्यामुळे अख्ख्या घराने रात्रभर त्या तीन शब्दांचा कीस पाडला होता. आजार परत आला की नाही, हे सांगणे माझ्यासारख्या समुपदेशकाचे काम नव्हे आणि तसे मी त्यांना सांगितलेही. मात्र ते शब्द नेमके कशाबद्दल बोलतात, हे समजावणे माझ्या कामात बसते.

मी आधी त्यांना रिपोर्टच्या वरच्या भागातली एक ओळ शोधायला लावली. आताचे स्कॅन कोणत्या तारखेच्या स्कॅनशी ताडून पाहिले, हे त्या ओळीत असते. ‘इंटरव्हल’ म्हणजे त्या दोन तारखांमधला काळ, आणि ‘इंटरव्हल इन्क्रीज’ म्हणजे तेवढ्या काळात झालेली वाढ. तिन्ही शब्द फक्त ही तुलना सांगतात. ती गोष्ट कर्करोगाची आहे की साधी, याचा निवाडा त्या शब्दांत नसतो. तो त्यांच्या शेजारी लिहिलेल्या वर्णनावरून आणि पेशंटच्या एकूण माहितीवरून करावा लागतो.

मावशींच्या रिपोर्टमध्ये ‘इंटरव्हल इन्क्रीज’ हा शब्द यकृतातल्या एका सिस्टपुढे होता. तिचा आकार आधी १२ मिमी होता, तो आता १६ मिमी झाला होता. वर्णनात ‘सिंपल सिस्ट’ असे स्पष्ट लिहिलेले होते, म्हणजे पातळ भिंतीची, आत पाण्यासारखा द्रव असलेली पिशवी. अशा पिशव्या पुष्कळ लोकांच्या यकृतात असतात आणि वयानुसार थोड्या वाढतातही. वाढ खरी होती, पण निरुपद्रवी होती.

‘न्यू’ हा शब्द उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या पुसट ठिपक्यांपुढे होता. मी सहज विचारले की मध्यंतरी ताप किंवा खोकला झाला होता का, तेव्हा मावशी स्वतःच म्हणाल्या, “तीन आठवडे झाले असतील, चांगलाच कफ भरला होता.” ही माहिती स्कॅनच्या फॉर्मवर कोणीच लिहिलेली नव्हती, त्यामुळे रेडिऑलॉजिस्टपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. ‘न्यू’ म्हणजे मागच्या चित्रांत न दिसलेले, इतकेच. ते खरोखरच नव्याने उद्भवलेले असू शकते, पण मागचे स्कॅन जाड कापांचे असेल किंवा कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन न देता केलेले असेल, तर आधीपासून असलेली बारीक गोष्टही या वेळी ‘नवी’ ठरते. मागचे स्कॅन फक्त पोटाचे असेल तर त्यात फुप्फुसांचे तळ तेवढे येतात; मग वरच्या भागातल्या गाठीला नवे म्हणायला मुळात आधारच उरत नाही.

आता ज्या शब्दाने घराला धीर दिला होता, त्याकडे वळू. डाव्या फुप्फुसातल्या एका लहान गाठीपुढे ‘८ मिमी, आधी ७ मिमी, स्टेबल’ असे लिहिले होते. इथे कोणाची चूक झालेली नव्हती. लहान गाठ मोजताना पेशंटने श्वास किती भरून घेतला होता, काप कोणत्या पातळीवर पडला आणि कर्सर नेमका कुठे ठेवला, यांमुळे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून २ मिमीपेक्षा कमी फरकाला साधारणपणे वाढ मानत नाहीत. मात्र मुलाने आणलेल्या जाडजूड फाइलमध्ये जुने तिन्ही रिपोर्ट होते आणि ते तारखेच्या क्रमाने टेबलावर मांडल्यावर तीच गाठ ओळीने दिसली: ऑपरेशनपूर्वी ५ मिमी, सहा महिन्यांनी ६, वर्षाने ७ आणि आता ८. प्रत्येक रिपोर्टमध्ये तुलना फक्त लगेच आधीच्या स्कॅनशी होती, फरक दर वेळी १ मिमीचा होता, म्हणून दर वेळी ‘स्टेबल’. पहिल्यापासून पाहिले तर फरक ३ मिमीचा होत होता. शिवाय गाठ सगळ्या बाजूंनी वाढते. व्यास ५ वरून ८ मिमी झाला की तिचे आकारमान सुमारे चौपट झालेले असते.

पहिले स्कॅन त्यांच्या गावाजवळच्या एका सेंटरवर झाले होते आणि त्याची सीडी आमच्या रेडिऑलॉजी विभागात कधी आलीच नव्हती. आला होता तो फक्त कागद. मी मुलाला सीडी आणायला सांगितले, विभागात फोन करून कल्पना दिली आणि मावशींच्या डॉक्टरांच्या कानावरही घातले. रेडिऑलॉजिस्टनी चारही स्कॅन शेजारी शेजारी लावून गाठ एकाच पद्धतीने पुन्हा मोजली आणि दोन दिवसांत पुरवणी रिपोर्ट दिला. त्यात त्याच गाठीपुढे ‘पहिल्या स्कॅनच्या तुलनेत सावकाश वाढ’ असे आले.

इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटचे नातेवाईक हाच शब्द वेगळ्या अर्थाने ऐकतात. औषधाचा परिणाम तपासताना डॉक्टर ठरावीक गाठींच्या मापांची बेरीज करतात. ती किमान ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद, किमान २० टक्क्यांनी वाढली तर आजाराची वाढ आणि यांच्या मधले सगळे ‘स्टेबल’. समजा उपचाराच्या आरंभी बेरीज ५० मिमी होती, तर पहिल्या तपासणीत ती ४० झाली काय किंवा ५८ झाली काय, शब्द एकच राहतो. आयसीयूच्या दारात “पेशंट स्टेबल आहे” म्हणतात, तो अर्थ तर याहून निराळा.

डॉक्टरांनी मावशींची केस ट्यूमर बोर्डपुढे, म्हणजे वेगवेगळ्या विषयांच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या बैठकीपुढे ठेवली. पेशी किती साखर खेचतात हे दाखवणारे पेट स्कॅन एवढ्या लहान गाठीत शांत दिसले तरी त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, आणि या कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या सीईए या पदार्थाचा आकडा मर्यादेतच होता. म्हणून आधी उजवीकडचे ठिपके विरतात का ते पाहायचे ठरले. आठ आठवड्यांनी पुन्हा सीटी झाले. ठिपके गेले होते, सिस्ट १६ मिमीवरच होती आणि डावीकडची गाठ ८ मिमी, म्हणजे आदल्या स्कॅनच्या तुलनेत पुन्हा ‘स्टेबल’. तो शब्द वाचून मुलगा माझ्याकडे बघून कसनुसे हसला. पुढे दुर्बिणीच्या ऑपरेशनने गाठीसह फुप्फुसाचा लहानसा तुकडा काढला आणि तपासणीत ती आतड्याच्या कर्करोगाचीच गाठ निघाली. दुसरीकडे कुठेही काही नव्हते.

त्यानंतरच्या पहिल्या रिपोर्टमध्येही ‘न्यू’ हा शब्द होता, डाव्या फुप्फुसातल्या एका रेषेपुढे. मुलगा तो वाचून दाखवत असतानाच मावशींनी त्याला अडवले. “अरे, ती टाक्यांची खूण आहे. तारीख बघ, मागचं स्कॅन ऑपरेशनच्या आधीचं आहे.”