केबल वाकडी धरली तरच चार्जिंग होतं? जॅक बदलण्याआधी हे तपासा

*प्रश्न: दीड वर्षं वापरलेला टाइप-सी फोन आहे. केबल वरच्या बाजूला दाबून धरली तरच चार्ज होतो, हात सोडला की बंद. दुकानदार म्हणतो चार्जिंग जॅक गेला. खरंच बदलावा लागेल का?*

लगेच बदलू नका. आधी कव्हर काढा. जाड कव्हरची कड केबलच्या प्लास्टिकला अडते आणि पिन पूर्ण आत बसत नाही, असंही बऱ्याचदा असतं.

मग दोष केबलचा की फोनचा ते ठरवा. तुमची केबल आणि तोच अडॅप्टर घरातल्या दुसऱ्या टाइप-सी फोनला लावा, आणि त्या फोनची नीट चालणारी केबल तुमच्या फोनला. दोन्ही करा, कारण एकच करून बघितलं तर अर्धंच उत्तर मिळतं. तुमची केबल दुसऱ्या फोनवरही तुटक चालली तर केबल टाका, विषय संपला.

एकच केबल हाताशी असेल तर असं करा. फोन टेबलावर ठेवा, पिनचा कडक भाग दोन बोटांनी अगदी स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने फक्त मानेजवळची वायर हलवा. चार्जिंग जातं-येतं झालं तर आतली तार तुटली आहे. वायर हलवून काही होत नाही, पण पिनच वर-खाली दाबल्यावर फरक पडतो, तर गडबड पिन आणि पोर्ट जिथे भेटतात तिथे आहे. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय. एवढंच की टाइप-सीमध्ये पकड घेणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या पिनमध्ये असतात, फोनमध्ये नाही. म्हणून जुनी झिजलेली केबल ढिली लागते आणि माणूस फोनला दोष देतो. नवी केबल ‘टक’ करून बसली आणि ओढताना किंचित जोर लागला तर पोर्ट धडधाकट आहे.

नवी केबलही तशीच ढिली वाटली तर आडवं धरून बघा, पिनचा धातू बाहेर किती दिसतोय. दुसऱ्या फोनशी तुलना करा. इथे अर्धा-एक मिलिमीटर जास्त दिसत असेल तर आत काहीतरी आहे, आणि ते बहुतेक वेळा खिशातल्या कपड्याचे तंतू असतात. प्रत्येक वेळी पिन घालताना आपणच ते मागच्या भिंतीवर ठेचत जातो. वरून टॉर्च मारली तरी ते पोर्टच्या तळासारखेच दिसतात, म्हणून ‘आत स्वच्छ आहे’ असं वाटतं.

माझ्या मेहुण्यांच्या फोनचं अगदी असंच झालं. दोन केबली बदलून झाल्या होत्या, जॅक बदलायचं ठरलं होतं. पिन जवळजवळ एक मिलिमीटर बाहेर राहत होती. फोन बंद केला. पोर्टच्या मधोमध जी पातळ जीभ असते तिच्यावर दोन्ही बाजूंना संपर्काच्या पट्ट्या असतात. जीभ आणि भिंत यांच्यात एक मिलिमीटरहूनही कमी जागा असते, त्यामुळे अख्खी टूथपिक आत जात नाही. लाकडी टूथपिक ब्लेडने तासून कागदासारखी चपटी केली, भिंतीच्या कडेने आत सरकवली आणि तळापासून बाहेर खरवडत आणली. जिभेवर जोर दिला नाही. आधी भुरा निघाला, तिसऱ्या-चौथ्या वेळी नमद्यासारखा घट्ट करडा तुकडा आला, तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढा. जिभेच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. त्यानंतर त्यांचीच जुनी केबल ‘टक’ करून बसली.

सुई, टाचणी, सिमची पिन अजिबात नको. दोन पट्ट्या जोडल्या गेल्या किंवा ओरखडल्या तर साधा कचऱ्याचा प्रश्न खरोखरच्या दुरुस्तीचा होतो. तोंडाने फुंकरही नको, ओलावा जातो, आणि ठेचलेला बोळा फुंकरीने निघतही नाही.

साफ करूनही फरक नसेल तर पिन उलटी करून लावा. एका बाजूने चार्ज होतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं दोन वेगळ्या केबलींवर झालं तर पोर्टमधल्या एका बाजूचा संपर्क खराब आहे. टॉर्चमध्ये जीभ तिरकी दिसली, हलली, किंवा पट्ट्यांवर हिरवट-काळा थर दिसला तरीही तेच. अशा वेळी दुकानदाराचं म्हणणं बरोबर ठरतं. फक्त देण्याआधी विचारा की तुमच्या मॉडेलमध्ये जॅक वेगळ्या चार्जिंग बोर्डावर आहे की मुख्य बोर्डावर. वेगळं बोर्ड असेल तर ते पूर्ण बदलता येतं आणि काम सोपं असतं. मुख्य बोर्डावर असेल तर जॅक उकलून नवा डाख द्यावा लागतो, तिथे सरावाचा हात लागतो. आणि हात सोडल्यावर बंद पडणाऱ्या अवस्थेत रोज वापरत राहू नका. ढिल्या संपर्कावर पिन तापते आणि पट्ट्या जळतात, मग साफसफाईने काही होत नाही. फोटोंचा बॅकअप आजच घ्या, आत्ता चार्ज होतोय तोवर.